असलबरहुकूम : जुन्या पुस्तकांच्या टंकलेखकांस एक पत्र

विजयादशमी



आपणांपैकी कोणी सातारा जिल्ह्यात, कोणी अमरावतीकडे, कोणी ठाण्या-डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून आमच्या या लहानशा प्रकाशनासाठी जुन्या पुस्तकांची पाने संगणकावर उतरवीत असता. आपली माझी प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते, आणि जे बोलावयाचे ते बहुधा पानांच्या समासातील शेऱ्यांतूनच बोलले जाते. तेच तेच शेरे पुनःपुन्हा लिहिण्यापेक्षा त्यांमागील कारणे एकदा सविस्तर मांडावीत, म्हणजे आपणांसही आमचा आग्रह निव्वळ लहरीचा वाटणार नाही, असे मनात आल्यावरून हे पत्र लिहिण्यास बसलो आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ते मागून घेतले ते एका अर्थी बरेच झाले, कारण घरातील वाडवडिलांची पुस्तके उतरवून ठेवू पाहणारे पुष्कळ लोक आता दिसू लागले आहेत आणि त्यांचीही अडचण आपल्यासारखीच आहे.

आपले काम एका वाक्यात सांगावयाचे तर नक्कल असलबरहुकूम असावी एवढेच आहे. पण या एका वाक्याच्या आड जी अडचण दडलेली आहे ती आपल्या अज्ञानातून उत्पन्न होत नाही. ती आपल्या ज्ञानातून होते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. आपण सर्वजण चांगले मराठी लिहिता. शाळेत शुद्धलेखनाचे नियम घोटून घेतलेले आहेत. कित्येकांनी वृत्तपत्रांत मुद्रितशोधनही केले आहे. अशा हाताला ‘नांव’ हा शब्द दिसला की डोळा तो ‘नाव’ असा वाचतो, बोटे ‘नाव’ असा उमटवितात, आणि मध्ये काही घडले याची मनास वार्ताही नसते. मराठीचा गंध नसलेला मनुष्य एक वेळ ते टिंब पाहील व उमटवील. आपण मात्र ते पाहतच नाही.

म्हणून थोडा इतिहास. आज आपण ज्या नियमांनी लिहितो ते मराठी साहित्य महामंडळाने ठरविले व महाराष्ट्र शासनाने 1962 साली मान्य केले. त्या वेळी ते चौदा होते, 1972 मध्ये आणखी चार त्यांत मिळविले गेले. त्यापूर्वीच्या छपाईत, ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार शब्दाच्या व्युत्पत्तीस किंवा व्याकरणास धरून देण्याचा शिरस्ता होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचे नावच मुळी ‘पण लक्षांत कोण घेतो’ असे टिंबासह छापलेले आढळते, आणि दादोबा पांडुरंगांचे 1836 चे व्याकरण हे ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ आहे. ही टिंबे म्हणजे जुन्या लोकांची हौस नव्हे. त्यांतील काही शब्दाच्या पोटातली आहेत, जशी गांव, पांच, दांत, कांटा यांतील. त्यांच्यावाचून अर्थास फारशी बाधा येत नाही. पण उरलेली बहुतेक व्याकरणाचे काम करितात, आणि त्यांचा लोप झाला की वाक्यातील एक आधारच निखळतो.

पुढील वाक्य कोणत्याही ग्रंथातील नाही. नमुन्यादाखल मीच ते जुन्या वळणाने रचले आहे, आणि आपणांस येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यात मुद्दाम कोंबल्या आहेत :

‘त्या गांवीं पांच दिवस राहून आम्हीं तेथील देवळें पाहिलीं, व पुजाऱ्यास २॥ रुपये दिले, परंतु त्यानें ते घेतले नाहींत, व आमचें नांव कांहीं विचारिलें नाहीं.’

या वाक्यात अनुस्वार पंधरा आहेत, आणि त्यांपैकी उच्चारात ऐकू येणारा केवळ एक, ‘परंतु’मधला. बाकीचे चौदा मुके आहेत. आता ते कसे बसले आहेत ते पाहावे. ‘गांवीं’ यातील पहिले टिंब शब्दाचे स्वतःचे, दुसरे सप्तमीचे, म्हणजे ‘गावामध्ये’ या अर्थाचे. ‘आम्हीं’ वर टिंब आहे, कारण येथे तो शब्द तृतीयेत आहे, आम्ही पाहण्याची क्रिया केली म्हणून. ‘आम्ही गेलों’ असे वाक्य असते तर ‘आम्ही’ प्रथमेत, म्हणून टिंबावाचून, आणि टिंब ‘गेलों’ या क्रियापदावर गेले असते. ‘देवळें पाहिलीं’ यांतील दोन टिंबे नपुंसकलिंगी अनेकवचनाची. ‘रुपये दिले’ येथे मात्र टिंब नाही, कारण रुपया पुल्लिंगी. आणि त्याच कारणाने पुढे ‘ते घेतले’ हेही उघडेच आहे. ‘आमचें नांव’ नपुंसकलिंगी एकवचन, म्हणून ‘विचारिलें’ पुन्हा टिंबासह.

या वाक्याची दुर्दशा दोन प्रकारे होते. पहिला प्रकार सर्वांस ठाऊक आहे : सर्व टिंबे गळून वाक्य आजचे होते. दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक असून तो आमच्या शेऱ्यांनी धास्तावलेल्या परिश्रमी टंकलेखकांकडून घडतो. जुन्या पुस्तकांत टिंबे फार असतात एवढे एकदा मनावर बिंबले की बोट एकाराच्या प्रत्येक मात्रेवर आपोआप टिंब ठेवू लागते, आणि मग ‘रुपये दिलें, परंतु त्यानें तें घेतलें नाहींत’ असे वाक्य तयार होते. वरवर ते अधिकच जुने दिसते. परंतु आता ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन झाले, पुजाऱ्याने रुपये न घेता दुसरेच काही घेतले नाही असे ते म्हणू लागले, आणि शेवटी ‘नाहींत’ हे अनेकवचन कोणाशीही न जुळता लोंबकळत राहिले. माझ्या मते पहिल्या चुकीहून ही चूक घातक, कारण पहिली आपले नवेपण लपवीत नाही. दुसरी मात्र खोट्या जुनेपणाने पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते.

तेव्हा व्याकरण जाणून घ्या, पण ते टंकलेखनाच्या वेळी आज्ञा म्हणून वापरू नका. टिंब कोठे अपेक्षित आहे हे व्याकरण सांगते. टिंब आहे की नाही हे केवळ पानच सांगते. दोहोंत विसंगती दिसली तर पान प्रमाण मानून तसे उमटवावे आणि शंका नोंदवावी. एकाच पानावर ‘नाहीं’ आणि ‘नाही’ अशी दोन्ही रूपे असतील तर दोन्ही तशीच राहू द्यावीत. एकोणिसाव्या शतकातील छापखान्यांत आजच्यासारखी काटेकोर एकरूपता नव्हती, आणि त्यांच्या पुस्तकांस ती आपण आपल्या पदरची देऊ नये.

येथे आपल्यापैकी एकाने फार मार्मिक प्रश्न विचारला होता : जे दिसते ते उमटवा हे ठीक, पण जे दिसते ते टिंबच आहे हे कशावरून? याचे उत्तर शोधावयाचे तर जुन्या खिळ्यांच्या छपाईकडे वळावे लागते.

जुळारी एक एक खिळा केसच्या खणातून उचलून स्टिकमध्ये ओळ जुळवीत असे. काही घडणींत मात्रा, रफार, अनुस्वार यांचे खिळे निराळे, आणि ते अक्षराच्या डोक्यावर स्वतंत्र बसवावयाचे. काहींत अक्षराच्या खिळ्याचा माथा बाजूस किंचित पुढे आलेला, आणि त्या नाजूक टोकावर ते चिन्ह. कोणत्याही घडणीत अनुस्वार हा सर्वांत लहान आणि सर्वांत दुबळा भाग. फर्मा यंत्रावर चढून शेकडो प्रती निघेपर्यंत तो झिजे, तुटे किंवा शाईने भरून जाई. म्हणून एखाद्या प्रतीत जे टिंब नाही ते त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या प्रतीत, खिळा तुटण्यापूर्वी छापलेल्या कागदावर, स्वच्छ उभे असू शकते. उलटपक्षी कागदावरील डाग, कसरीचे छिद्र, मागील पानाची उमटलेली शाई, ही सर्व टिंबाचे सोंग घेऊन बसतात.

खरे टिंब ओळखण्याचा उपाय असा. त्याच पानावरील एखादे निःसंशय टिंब शोधावे, ‘परंतु’ किंवा ‘आनंद’ यांसारख्या शब्दातले, आणि पडदा चारशे टक्के मोठा करून दोहोंची तुलना करावी. एकाच साच्यातून ओतलेल्या खिळ्यांची टिंबे आकाराने सारखी आणि शिरोरेषेपासून सारख्याच उंचीवर असतात. उभ्या दंडाशी, मात्रेशी त्यांचे अंतरही ठरलेले असते. डाग या शिस्तीत बसत नाही. त्याचा रंग बहुधा शाईहून तपकिरी असतो, कडा पसरट असतात. मागील पानाच्या शाईची शंका असेल तर मागील पानाची प्रतिमा आडवी उलटवून पाहावी. त्या जागी जर शब्दाचा काही भाग येत असेल तर शंका फिटते. इतके करूनही निर्णय होत नसेल तर निर्णय करू नये. जे अधिक संभवनीय वाटते ते उमटवावे आणि त्याला लागून चौकटी कंसात प्रश्नचिन्ह द्यावे, असे : नाहीं[?]. ही खूण म्हणजे कबुलीजबाब नव्हे. ज्या पानावर एकही शंका नाही अशा पानापेक्षा ज्यावर चार-पाच आहेत अशा पानाविषयी मला अधिक भरवसा वाटतो, आणि शंकेमुळे कोणाच्या मोबदल्यातून काही वजा होत नाही हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो.

याच ठिकाणी प्रतिमांविषयी एक खुलासा केला पाहिजे, कारण कित्येक टिंबे आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाहीशी झालेली असतात. पाने स्कॅन करणारे पुष्कळ लोक, फाईल लहान व्हावी आणि पान पांढरेशुभ्र दिसावे म्हणून, प्रतिमा निव्वळ काळ्या-पांढऱ्या दोन रंगांत आणतात आणि ‘डेस्पेकल’ नावाची स्वच्छतेची सोय चालू ठेवतात. लहान काळे ठिपके शोधून पुसणे हेच त्या सोयीचे काम; धूळ आणि अनुस्वार यांतील भेद तिला ठाऊक नाही. पान अवाजवी स्वच्छ दिसत असेल, पूर्णविराम बारीक किंवा गायब असतील आणि जुन्या पुस्तकात मुके अनुस्वार विरळ आढळत असतील, तर पान उतरविण्यास आरंभ करू नये. मला कळवावे, मी रंगीत आणि निदान 400 डीपीआयची प्रतिमा मागवून देतो. अशा पानावर घेतलेली मेहनत फुकट जाते.

अनुस्वारानंतरचा क्रम ऱ्हस्व-दीर्घाचा. आज आपण कवी, बुद्धी, गुरू असे लिहितो. जुन्या छपाईत हे तत्सम शब्द मुळाप्रमाणे कवि, बुद्धि, गुरु असे असतात. येथे धोका तोच आहे, पण एक सवलत आहे : वेलांटी टिंबासारखी पुसट नसते, डावीकडे की उजवीकडे हे नजर दिल्यास दिसते. आपल्यापैकी जे पूर्वी श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांत काम करीत होते त्यांना मात्र एक विशेष सूचना. त्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी उमटविली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर द्यावी लागते; आणि जुन्या फॉन्टातील मजकूर परिवर्तकातून काढून पाठविला असता नेमक्या वेलांट्या आणि रफार हेच भरकटतात. परिवर्तित मजकूर आम्ही स्वीकारीत नाही, त्याचे कारण एवढेच. तसेच भ्रमणध्वनीवर उतरविणाऱ्यांनी शब्द सुचविणारी व आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद ठेवावी. ती ‘नांव’ला टिकू देत नाही.

रफार आणि अर्धा र यांचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या; आचार्यांना वंदन करावयाचे आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगावयाचा; हा भेद मराठी छापखान्यांनी एका आडव्या वळणदार खिळ्याने जपला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर प्रथम Shift+J, मग d, मग य, असे केल्याने तो ‘ऱ्य’ येतो. दुसरी एक रीत आहे, तीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न शब्द समजतो, आणि मग एकाच पुस्तकातील ‘पुजाऱ्यास’ निम्मा सापडतो व निम्मा सापडत नाही. आम्ही पहिली रीत ठरविली आहे. सर्वांनी तीच ठेवावी. ज्या पुस्तकात तो खिळाच नसल्यामुळे जुळाऱ्याने ‘दर्या’ असे रफार देऊन भागविले असेल तेथे, संदर्भ डोंगराचा असला तरी, रफारच उमटवावा आणि शंका नोंदवावी.

येथे कोणी विचारील, की मग अक्षरांचे जुने आकारही जसेच्या तसे हवेत काय? नकोत, आणि ही मर्यादा नीट समजून घेतली म्हणजे अर्ध्या शंका आपोआप मिटतात. अ, झ, ण यांची निराळी वळणे, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे, ‘श्र’ची नाना रूपे हा खिळे पाडणाऱ्याचा हात आहे, लेखकाचे लेखन नव्हे. निर्णयसागरच्या टंकांत एक अक्षर जसे दिसते तसे दुसऱ्या छापखान्यात दिसणार नाही. पण अक्षर तेच. म्हणून ‘क्त’ वर-खाली रचलेला असो वा शेजारी-शेजारी, आपण क, हलन्त, त एवढेच द्यावे. ओळीत शब्दांमधील कमीअधिक मोकळी जागा, अर्धविरामापूर्वी सोडलेले किंचित अंतर, पानाच्या तळाशी फर्म्याचा क्रमांक म्हणून छापलेला बारीक आकडा, हेही जुळाऱ्याच्या सोयीचे, ते सोडावे. पण ओळ जेथे संपते तेथे आपणही संपवावी, कारण पुढे रुजुवात करणाऱ्यास ओळीला ओळ लावून पाहता आली पाहिजे. ओळी जोडण्याचे काम आमचे.

मात्र आकार सोडून द्यावयाचा असला तरी तो ओळखावा लागतो, हेही खरे. जुन्या टंकांतील ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ शेजारी ठेवल्यासारखा असल्यामुळे ‘खाना’ आणि ‘रवाना’ यांची जी गफलत होते ती विनोदाचा विषय झालेली आहे. ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ झिजली की ‘व’ होतो, ‘ष’ची झिजली की ‘प’. घ-ध आणि भ-म हे शिरोरेषेच्या तुटीवर अवलंबून. येथे संदर्भाने निर्णय करण्यास हरकत नाही, कारण ‘वाळ’ असे झिजलेले अक्षर मूळचे ‘बाळ’ होते हे वाचणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. खिळा ‘ब’चाच होता. परंतु खिळाच चुकीचा पडला असेल, सोडलेले खिळे परत टाकताना दुसऱ्या खणात गेल्यामुळे स्वच्छ, न झिजलेला ‘प’ ‘ष’च्या जागी बसला असेल, तर तो ‘प’च राहू द्यावा, आणि त्यापुढे चौकटी कंसात उद्गारचिन्ह द्यावे. झिजेचे व चुकीचे हे दोन मार्ग भिन्न आहेत, आणि अक्षर किती स्वच्छ उठले आहे हे पाहिल्याने बहुधा ते ओळखता येतात.

नमुन्याच्या वाक्यातील ‘२॥ रुपये’ मी अजून तसेच ठेवले आहेत. जुन्या हिशेबी लेखनात आकड्यानंतरचा एक दंड पाव, दोन दंड अर्धा आणि दोन दंडांपुढे आणखी एक म्हणजे पाऊण, म्हणून १। म्हणजे सव्वा, २॥ म्हणजे अडीच, ३॥। म्हणजे पावणेचार. ज्यांना हे माहीत नाही ते येथे वाक्य संपले असे समजून दंडापुढे नवा परिच्छेद पाडतात. कोणी दंडांस इंग्रजी एक समजून अडीच रुपयांचे दोनशे अकरा करितात, आणि पुजाऱ्याने ते का घेतले नाहीत याचे आश्चर्य वाढवितात. ओवीच्या शेवटी येणारा क्रमांक दोन्ही बाजूंनी दंडांत असतो, अपूर्णांकाचे दंड उजवीकडेच आणि आकड्यास चिकटून असतात, यावरून भेद करावा. दंड उमटविताना कळफलकावरील | ही उभी रेघ वापरू नये, देवनागरीचा दंड वापरावा. इन्स्क्रिप्टवर तो Shift आणि पूर्णविरामाच्या कळीवर आहे. अशीच गल्लत ‘दुःख’मधील विसर्गाच्या जागी अपूर्णविराम देण्याने होते. डोळ्यास भेद दिसत नाही, म्हणूनच ही चूक अनेक वर्षे टिकते.

विरामचिन्हांचेही एक सांगून ठेवतो. स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादींची इंग्रजी चिन्हे मराठीत रुळविण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात होता. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ 1850 ची. त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही काही वर्षांच्या पुस्तकांत वाक्य संपल्याची खूण कोठे दिसत नाही, पानभर मजकूर अखंड चालतो. वाचकाची दया येऊन तेथे पूर्णविराम देऊ नयेत. वाक्य कोठे तोडावयाचे हा अर्थनिर्णय आहे, आणि तो संपादकाने, टीप देऊन, करावयाचा.

सावरकरांनी पुरस्कारिलेल्या लिपीतील 1930 नंतरची काही पुस्तके पुढील वर्षी आपल्याकडे येतील. त्यांत इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या स्वरांऐवजी अि, अी, अु, अू, अे, अै असा ‘अ’स चिन्हे लावून लेखनप्रकार केलेला असतो. हा खिळ्याचा आकार नव्हे, लेखनच आहे, लेखकाने हेतुपूर्वक स्वीकारलेले. म्हणून ‘अ’ देऊन त्यावर वेलांटी, उकार, मात्रा द्यावी. काही फॉन्टांत त्या जागी ठिपक्यांचे वर्तुळ दिसेल. ते फॉन्टाचे अपुरेपण समजावे, भिऊन ‘इ’ करू नये.

शुद्धिपत्राविषयी वाद नेहमी होतो. ग्रंथाच्या अखेरीस ‘पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध’ अशा चार रकान्यांचे कोष्टक असते. लेखकानेच सांगितलेली दुरुस्ती मजकुरात का करू नये, असा आपला आक्षेप, आणि तो अवास्तव नाही. तरीही करू नये. शुद्धिपत्रातही छापण्याच्या चुका असतात. ओळी मोजताना मथळा धरला की नाही हे पुस्तकागणिक बदलते, आणि एकाच ओळीत तो शब्द दोनदा असला तर कोणता, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. मजकूर छापल्याप्रमाणे, शुद्धिपत्र छापल्याप्रमाणे, आणि दोहोंची सांगड आमच्याकडे, असाच शिरस्ता ठेवावा.

आता रुजुवात. पूर्वी छापखान्यांत एकजण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवी; आपल्यापैकी काही पति-पत्नी ही पद्धत घरी चालवितात हे मला माहीत आहे. पद्धत उत्तम, परंतु जुन्या मराठीस ती एका ठिकाणी दगा देते : मुका अनुस्वार कानाने ऐकू येत नाही. वाचणाऱ्याने ‘नांव’ म्हटले काय आणि ‘नाव’ म्हटले काय, ऐकणाऱ्यास एकच. म्हणून वाचताना टिंब बोलून दाखवावे, ‘ना टिंब व’, ‘आम्ही टिंब’, ‘पाहिली टिंब’, आणि अपेक्षित जागी ते नसेल तर ‘दिले उघडे’ असे म्हणावे. पहिल्या दिवशी हे हास्यास्पद वाटते.

महत्त्वाच्या पुस्तकांची पाने आम्ही दोन टंकलेखकांकडून स्वतंत्रपणे उतरवून संगणकाने दोन्ही प्रती ताडतो, आणि जेथे फरक तेथेच पान उघडतो. एकाच्या नजरचुकीच्या जागी दुसऱ्याचीही नजर चुकेल असे सहसा होत नाही, या विश्वासावर ही पद्धत उभी आहे. आणि तो विश्वास गळलेल्या ओळी, उलटसुलट अक्षरे यांच्या बाबतीत रास्त ठरतो. पण दोघेही एकाच शाळेतील नियम शिकलेले असल्यामुळे दोघेही ‘नाहीं’चे ‘नाही’ करितात, संगणकास फरक दिसत नाही, आणि चूक दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी पक्की होते. त्यावर आम्ही अशी तोड काढली आहे की पूर्ण झालेल्या फाईलीत नाही, काही, मुळे, साठी, तेथे, येथे, जेव्हा, तेव्हा, मध्ये यांसारखे, जुन्या छपाईत जवळजवळ नेहमी टिंबासह येणारे शब्द टिंबावाचून कोठे आले आहेत ते शोधावयाचे आणि त्या प्रत्येक ठिकाणी पान उघडून पाहावयाचे. पाहावयाचे, एवढेच. ‘सर्व बदला’ ही कळ या कामात कोणीही, कोणत्याही कारणाने दाबू नये. ‘काही’ उघडा असलेली एकच जागा त्या पुस्तकात खरी असेल, तर ती आपण त्या कळीने कायमची बुजवून टाकतो. हा शोध आता पाने पाठविण्यापूर्वी आपणच करावा अशी विनंती आहे, आणि त्याच्या वेळेचा मोबदला उतरविण्याच्या दराहून निराळा धरला आहे.

पाने पाठविताना प्रत्येक फाईलीस पुस्तकाचा आमचा क्रमांक व छापील पृष्ठांक ही दोनच चिन्हे द्यावीत. प्रतिमेचा क्रमांक देऊ नये, कारण मुखपृष्ठ व प्रस्तावनेची पाने धरून तो छापील क्रमांकाशी जुळत नाही. शंकांची यादी निराळ्या कागदावर, पृष्ठ, ओळ, शब्द अशा क्रमाने. ज्यांच्याकडे 1880 च्या सुमाराचे प्रवासवर्णन आहे त्यांनी पहिली दहा पाने आधी पाठवून उत्तराची वाट पाहावी. त्या प्रतीस कसर फार लागली आहे आणि दुसरी प्रत मिळविण्याचा प्रयत्न चालू आहे. ती हाती येईपर्यंत छिद्राखाली गेलेली अक्षरे तर्काने भरू नयेत, [...] अशी खूण ठेवून पुढे जावे.



आपला,
संपादक